व्हिडिओ काढला, लिंक मेली, कमेंटही गेल्या: डिलीट, प्रायव्हेट, अनलिस्टेड आणि अर्काइव्ह यांचा गोंधळ

"अरे, चुकीचा व्हिडिओ काढून दुरुस्त केलेला टाकलाय, पण जुन्या लिंकवर तो दिसतच नाही. आणि सगळ्या कमेंट कुठे गेल्या?"

हा फोन माझ्या एका मित्राचा. तो यूट्यूबवर सायकल दुरुस्तीचं छोटंसं चॅनेल चालवतो. ब्रेकची केबल बदलायच्या व्हिडिओत तो 5 मिमीच्या ॲलन कीऐवजी 4 मिमीची म्हणून गेला होता. कोणीतरी कमेंटमध्ये चूक दाखवली, त्याला लाज वाटली, आणि त्याने तो व्हिडिओ डिलीट करून त्याच नावाने, त्याच थंबनेलसह नवा टाकला. जुन्याखाली 212 कमेंट होत्या, नव्याखाली शून्य. वर ज्यांनी ज्यांनी जुनी लिंक कुठे डकवली होती, तिथे आता काळी चौकट.

ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की एकदा सविस्तर लिहून टाकतो. बहुतेक यूट्यूबबद्दलच लिहितोय, कारण तिथे हा घोळ सगळ्यात महागात पडतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं शेवटाकडे येईल.

नाव तेच, थंबनेल तेच, तरी व्हिडिओ वेगळा

यूट्यूबच्या लेखी तुमच्या व्हिडिओची ओळख म्हणजे त्याचं शीर्षक नव्हे, तर लिंकमधली `v=` नंतरची 11 अक्षरं. हा त्याचा आयडी. व्ह्यूज, लाइक, कमेंट, दुसऱ्यांच्या प्लेलिस्टमधली जागा, वेबसाइटवर एम्बेड केलेली चौकट, हे सगळं त्या आयडीला बांधलेलं असतं. व्हिडिओ डिलीट झाला की आयडी जातो आणि त्याला बांधलेलं सगळं त्याच्यासोबत जातं. नवी फाइल चढवली की नवा आयडी मिळतो. जुन्या आयडीवर नवी फाइल बसवायची सोय यूट्यूबवर नाही. (व्हिमिओवर फाइल बदलता येते आणि लिंक, कमेंट जागच्या जागी राहतात. तिथून आलेली माणसं इथे हमखास फसतात.)

यूट्यूबवर डिलीट केलेल्या व्हिडिओंसाठी कचरापेटीही नाही. यूट्यूब स्टुडिओत `Delete forever` दाबण्याआधी एका चौकटीत टिक करायला लावतात, ती उगीच नसते. त्यामुळे मित्राला पहिलं उत्तर हेच द्यावं लागलं की त्या 212 कमेंट परत येणार नाहीत.

खरं सांगायचं तर ॲलन कीच्या मापासाठी व्हिडिओ काढायची गरजच नव्हती. चूक दुरुस्त करणारी एक कमेंट स्वतः लिहून ती वर पिन केली असती आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत तेच लिहिलं असतं, तरी भागलं असतं. ज्याने चूक दाखवली त्याचीच कमेंट पिन केली असती तरी चाललं असतं, उलट ते जास्त शोभलं असतं.

आधी ओळखा: व्हिडिओचं नक्की झालंय काय?

"लिंक चालत नाही" ही तक्रार आली की मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत, लॉग-इन न करता ती लिंक उघडतो. हे टाळून चालत नाही. तुम्ही स्वतःच्या खात्यात असाल तर तुमचा प्रायव्हेट व्हिडिओ तुम्हाला नेहमीसारखाच चालताना दिसतो. "मला तर दिसतोय की!" या वाक्याने अर्धा तास वाया गेल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत.

लॉग-आउट अवस्थेत पडद्यावर काय लिहून येतं ते नीट वाचा. `This video is private` असं असेल तर जीव भांड्यात पडू द्या. व्हिडिओ आहे, आयडी आहे, कमेंटही आहेत, फक्त दार बंद आहे. `This video has been removed by the uploader` असं असेल तर तो डिलीट झालाय, मागे फिरायला वाट नाही. आणि व्हिडिओ व्यवस्थित चालतोय, पण चॅनेलच्या पानावर किंवा शोधात सापडत नाही, असं असेल तर तो अनलिस्टेड झालेला असतो.

प्लेलिस्टमध्ये मात्र हा फरक चटकन कळत नाही. तिथे `Unavailable videos are hidden` एवढंच येतं आणि प्रायव्हेट काय, डिलीट काय, दोन्ही सारखेच गायब दिसतात. म्हणून प्लेलिस्टवरून निदान करू नका, थेट व्हिडिओची लिंक उघडा.

एक जुनं दुखणंही इथेच सांगतो, कारण ते अजून अधूनमधून समोर येतं. खूप जुनी अनलिस्टेड लिंक अचानक "प्रायव्हेट" दाखवत असेल आणि तुम्ही काहीच केलेलं नसेल, तर अपलोडची तारीख बघा. 1 जानेवारी 2017 च्या आधी चढवलेले अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने 23 जुलै 2021 पासून सरसकट प्रायव्हेट केले. मालकाने आधी नकार कळवला असेल तेवढेच त्यातून सुटले. व्हिडिओ तुमच्या स्टुडिओत असतो. तो सार्वजनिक केला की तीच लिंक पुन्हा चालते.

प्रायव्हेट आणि अनलिस्टेड यांत कमेंटचं काय होतं

प्रायव्हेट केल्यावर व्हिडिओ फक्त तुम्हाला आणि तुम्ही ईमेलने बोलावलेल्या माणसांना दिसतो. अशी माणसं जास्तीत जास्त 50 असू शकतात. कमेंटचा भाग प्रायव्हेट व्हिडिओवर बंदच असतो. बोलावलेल्या माणसालाही तिथे काही लिहिता येत नाही. इथे लोक घाबरतात, "कमेंट उडाल्या" म्हणून. उडालेल्या नसतात. व्हिडिओ पुन्हा सार्वजनिक किंवा अनलिस्टेड केला की जुन्या कमेंट परत दिसू लागतात, लिंक चालू होते, आणि लोकांच्या प्लेलिस्टमधली जागाही भरून येते.

अनलिस्टेड म्हणजे दार उघडं, फक्त पाटी काढलेली. ज्याच्याकडे लिंक आहे तो बघू शकतो, कमेंट करू शकतो, पुढे पाठवू शकतो. वेबसाइटवरची चौकटही चालू राहते. आणि व्हिडिओ एखाद्या सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये असेल तर तिथे तो कोणालाही दिसतो. "मी अनलिस्टेड केला, तरी नवे लोक कसे येतायत?" याचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्याच एखाद्या विसरलेल्या प्लेलिस्टमध्ये सापडतं.

त्यामुळे निवड अशी करावी. मजकूर जुना झालाय, चॅनेलवर नको, पण ज्यांनी लिंक जपून ठेवली आहे त्यांचं अडू नये असं वाटत असेल तर अनलिस्टेड. मजकूर चुकीचा किंवा धोक्याचा असेल तर अनलिस्टेडचा काही उपयोग नाही, कारण लिंकवाल्यांना तो चालूच राहतो. तिथे प्रायव्हेट करावं. आणि त्रास फक्त कमेंटचा असेल तर व्हिडिओला हात लावायचं कारणच नाही. कमेंटच्या सेटिंगमध्ये `Pause` आहे. त्याने जुन्या कमेंट वाचता येतात, नव्या थांबतात. `Off` केलं तर जुन्याही झाकल्या जातात.

आयडी न मारता चूक कापणे

मित्राच्या हातून दोन महिन्यांनी दुसरी चूक झाली, आणि ही खरोखर धोक्याची होती. मागच्या गिअरच्या सेटिंगच्या व्हिडिओत त्याने L आणि H स्क्रूंची अदलाबदल केली. L स्क्रू डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, सगळ्यात मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊ देत नाही. तोच भलत्या बाजूला फिरवला तर चेन चकती ओलांडून थेट चाकाच्या आऱ्यांत जाते. पिन केलेल्या कमेंटवर हे सोडण्यासारखं नव्हतं, कारण कितीतरी लोक कमेंट न वाचता हातात पाना घेऊन बसतात.

या वेळी त्याने डिलीट दाबायच्या आधी फोन केला. आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी व्हिडिओ प्रायव्हेट केला, म्हणजे निदान त्या क्षणापासून कोणी चुकीचं बघणार नाही. मग स्टुडिओत तो व्हिडिओ उघडून `Editor` मध्ये गेलो, `Trim & cut`, तिथे `New cut`. व्हिडिओ 14 मिनिटं 20 सेकंदांचा होता. चुकीचा भाग 6:38 ते 7:05, म्हणजे 27 सेकंद. तेवढा निवडला, टिक केली, प्रिव्ह्यू दोनदा ऐकला (पहिल्यांदा एक शब्द अर्धवट तुटत होता, म्हणून कापाची जागा थोडी हलवून वरच्या वेळांवर आणली) आणि `Save` केलं.

इथे बरेच जण गडबडतात. सेव्ह दाबल्या दाबल्या बदल दिसत नाही. यूट्यूब नवी प्रत तयार करत असतं, त्याला कधी काही तास लागतात, आणि तोवर जुनीच प्रत चालू राहते. "कापलं, पण अजून तेच दिसतंय" म्हणून पुन्हा पुन्हा कापू नका. स्टुडिओत प्रक्रिया चालू असल्याची खूण दिसते. ती जाईपर्यंत थांबा, मग स्वतःच्या खात्यातून चालवून तपासा, कारण प्रायव्हेट व्हिडिओ इन्कॉग्निटोत दिसणार नाही. आम्ही रात्री सेव्ह केलं आणि सकाळी 6:38 च्या जागेवर नवा सांधा ऐकू आला. मग व्हिडिओ सार्वजनिक केला. लिंक तीच, कमेंट सगळ्या जागेवर.

पण एक गोष्ट बिघडली होती, आणि ती लक्षात यायला दोन दिवस लागले. कमेंटमधल्या वेळा. कोणीतरी लिहिलं होतं, "9:12 ला जे दाखवलंय त्यानेच माझं काम झालं." ते दृश्य आता 8:45 ला आलं होतं, कारण त्याच्या आधीचे 27 सेकंद निघून गेले होते. कमेंटमधली 9:12 ची निळी लिंक दाबली की भलतंच काही समोर यायचं. वेळेसह शेअर केलेल्या लिंकचंही तेच. `t=552s` असलेली लिंक चालते, पण उतरवते चुकीच्या जागी, तिथे आता `t=525s` हवं. लोकांच्या कमेंट आणि त्यांनी पाठवलेल्या लिंक तुम्हाला बदलता येत नाहीत. वर्णनातली प्रकरणांची यादी मात्र तुमच्या हातात आहे. कापाच्या पुढच्या प्रत्येक वेळेतून 27 सेकंद वजा करून ती लगेच दुरुस्त करा, आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये सांगून टाका की 6:38 च्या पुढच्या जुन्या वेळांमधून 27 सेकंद कमी धरावेत.

मर्यादाही सांगतो. कापता येतं, नवीन तुकडा मध्ये घालता येत नाही. बरोबर स्क्रू दाखवणारे 30 सेकंद त्याला वेगळ्या छोट्या व्हिडिओत टाकावे लागले. त्याची लिंक वर्णनात आणि कार्डावर दिली. सहा तासांपेक्षा मोठ्या व्हिडिओवर हा एडिटर चालत नाही. आणि व्हिडिओला एक लाखाहून जास्त व्ह्यूज असतील तर चेहरे धूसर करण्यापलीकडे बदल सेव्ह न होण्याची शक्यता असते. पार्टनर प्रोग्राममधल्या चॅनेलना ही अट लागू नाही.

शेअर झालेल्या गोष्टी

आता सगळ्यात गैरसमजाचा भाग. "मी व्हिडिओ काढला, तरी व्हॉट्सॲपवर अजून दिसतोय."

आधी विचारा, लिंक गेली होती की फाइल? लिंक पाठवली असेल तर संदेशात जे छोटं चित्र आणि शीर्षक दिसतं, ते पाठवणाऱ्याच्या फोनने त्या क्षणी तयार करून संदेशासोबत जोडलेलं असतं. तुम्ही व्हिडिओ डिलीट करा, शीर्षक बदला, थंबनेल बदला, त्या जुन्या संदेशातलं चित्र हलत नाही. दाबल्यावर मात्र काळी चौकट येते. म्हणजे व्हिडिओ गेलेला आहे, मागे उरलंय ते त्याचं कात्रण. थंबनेलवरच नको ते काही लिहिलेलं असेल, तर ते कात्रण पाठवणाऱ्याने संदेश काढल्याशिवाय जाणार नाही.

फाइल पाठवली असेल तर ती वेगळीच प्रत आहे, तिचा तुमच्या चॅनेलशी काही संबंध उरलेला नाही. ती ज्याने पाठवली त्याला साधारण दोन दिवसांच्या आत 'सर्वांसाठी हटवा' वापरता येतं. पुढे फॉरवर्ड झालेल्या प्रती त्यानेही जात नाहीत.

फेसबुक लिंकचं कात्रण स्वतःकडे साठवून ठेवतं. शीर्षक किंवा थंबनेल बदलूनही तिथे जुनंच येत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून `Scrape Again` दाबा. गूगलच्या शोधातही काढलेल्या व्हिडिओचं नाव काही काळ रेंगाळतं. घाई असेल तर गूगलच्या `Refresh Outdated Content` या पानावरून विनंती करता येते.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर

इन्स्टाग्रामवर काम सोपं आहे, कारण तिथे खरंखुरं अर्काइव्ह आहे. रील अर्काइव्ह केली की ती प्रोफाइलवरून जाते, लिंक उघडणाऱ्याला पान उपलब्ध नसल्याचं दिसतं, पण लाइक आणि कमेंट तिच्यासोबत जपून राहतात. परत आणली की ती आपल्या जुन्या तारखेच्या जागी जाऊन बसते. ती वर का आली नाही म्हणून शोधत बसू नका, खाली सरका. चुकून डिलीट केली असेल तर `Recently deleted` मध्ये 30 दिवस असते.

फेसबुकवरही पोस्ट अर्काइव्हमध्ये किंवा ट्रॅशमध्ये टाकता येते आणि ट्रॅशमधली 30 दिवसांनी कायमची जाते. तिथला घोळ शेअरचा. कोणी तुमचा व्हिडिओ शेअर केला की ती त्याची स्वतंत्र पोस्ट होते. तिच्यावर लिहिलेला त्याचा मजकूर आणि तिच्याखालच्या कमेंट त्या पोस्टच्या, तुमच्या नाहीत. तुम्ही मूळ व्हिडिओ काढलात तर त्याची पोस्ट तशीच राहते, आतल्या चौकटीत फक्त `This content isn't available right now` येतं. कमेंट करणारे तिथे भांडत राहतात, आणि कशावर भांडतायत ते नव्या माणसाला कळत नाही.

हा संदेश वाचून निदान करायला जाऊ नका. व्हिडिओ डिलीट झाला, तो कोणाला दिसावा हे बदललं, किंवा तो मुळातच मोजक्या लोकांसाठी होता, तिन्ही वेळा फेसबुक हेच वाक्य दाखवतं. विचारायचं ते मालकालाच. त्याने तो पूर्वीसारखा सार्वजनिक केला की शेअर केलेल्या पोस्टमधल्या चौकटी आपोआप भरतात.

काढायचाच असेल तर

कधीकधी डिलीटला पर्याय नसतो. व्हिडिओत एखाद्याचा खाजगी नंबर आलेला असतो, किंवा कोणी आपली संमती मागे घेतलेली असते. (कॉपीराइट स्ट्राइक पुसायला म्हणून मात्र डिलीट करू नका, व्हिडिओ गेला तरी स्ट्राइक जात नाही.) अशा वेळी आधी प्रायव्हेट करा, म्हणजे निकड संपते आणि बाकीचं शांतपणे करता येतं.

मूळ फाइल संगणकावर नसेल तर ती गूगल टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीतून, मागवा. स्टुडिओतल्या `Download` ने बहुतेक वेळा कमी दर्जाची प्रत हाती येते. कमेंट जपायच्या असतील तर टेकआउटचा भरवसा धरू नका. त्यात तुम्ही लिहिलेल्या कमेंट येतात, लोकांनी तुमच्या व्हिडिओखाली लिहिलेल्या नाहीत. थोड्या असतील तर पान खालपर्यंत सरकवून पीडीएफ करून ठेवा. जास्त असतील आणि कमांडची भीती नसेल तर yt-dlp नावाचं कमांडवर चालणारं सॉफ्टवेअर त्या एका JSON फाइलमध्ये उतरवून देतं:

```
yt-dlp --skip-download --write-info-json --write-comments "https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID"
```

हे व्हिडिओ सार्वजनिक किंवा अनलिस्टेड असतानाच करा, प्रायव्हेटवर कमेंट बाहेर दिसतच नाहीत. प्रायव्हेट करून बसला असाल तर दहा मिनिटं अनलिस्टेड करून घ्या, पण नंबर किंवा संमतीचा मामला असेल तर ती दहा मिनिटंही नकोत, तिथे कमेंट सोडून द्या.

दुसरं म्हणजे लिंक कुठे कुठे गेली आहे ते बघून ठेवा. स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिकच्या स्रोतांत `External` उघडलं की कोणत्या वेबसाइट आणि ॲपवरून लोक येतात त्याची यादी मिळते. तिचा स्क्रीनशॉट घ्या. डिलीट केल्यावर बघण्याचा वेळ चॅनेलच्या एकूण आकड्यांत राहतो, पण त्या व्हिडिओच्या नावावर काही दिसत नाही, त्यामुळे ही यादी मग मिळत नाही.

मित्राच्या पहिल्या व्हिडिओची अशी यादी आमच्याकडे नव्हतीच. कमेंटची सूचना मेलवर येण्याचं सेटिंग मात्र त्याने कधी बंद केलं नव्हतं. मेलबॉक्समध्ये जुन्या व्हिडिओचं शीर्षक टाकून शोधलं तर शंभरच्या आसपास कमेंटचा मजकूर, काहींचा अर्धामुर्धा, सापडला. त्यातले कामाचे आठ-दहा प्रश्न त्याने नव्या व्हिडिओच्या वर्णनात उत्तरांसह लिहून टाकले. ज्या दोन वेबसाइटवर चौकट काळी झाली होती, त्यांना नवा आयडी कळवला. एकीने त्याच दिवशी बदलला, दुसरीवर अजून काळी चौकटच आहे.